अध्यक्षाबाईंचं आठ मिनिटांचं भाषण

फुलंब्री तालुक्यातल्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या सगळ्या गटांतल्या ताया, मावश्या, काकू, ऐकताय ना? सध्या कापूस वेचणीची गडबड आहे, अद्रकीच्या वावरातही कामं आहेत. हात चालू राहू द्या, कान फक्त इकडं द्या.

आज आम्ही एका भाषणाबद्दल बोलणार आहोत. आमच्या गावात मुलींचा खो-खोचा संघ आहे. शाळा सुटल्यावर आणि सकाळी उजाडताना मुली मैदानावर असतात. हा संघ चालवणारं मंडळ आमच्या बचत गटांतल्या बायांनीच उभं केलं, आणि मंडळाच्या अध्यक्षा म्हणजे आमच्याच गटातल्या एक मावशी. वर्षाच्या शेवटी बक्षिसांचा कार्यक्रम होतो. त्या संध्याकाळी मंडळाच्या अध्यक्षेला बोलावं लागतं. ते भाषण कसं करावं हे आम्हाला एकदा चुकल्यावर कळलं. तेच आज सांगतो, कारण तुमच्यापैकी कितीतरी जणी भजनी मंडळाच्या, लेझीम पथकाच्या, शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षा आहात. तुमच्या हातातही कधीतरी माईक येणारच.

आधी मागच्या वर्षी काय झालं ते ऐका.

कार्यक्रम संध्याकाळी सहाचा ठेवला होता. पाहुणे साडेसातला आले. मग दीपप्रज्वलन, हार, शाल, नारळ. मग एकामागून एक पाच जण बोलले. आपल्याकडं रिवाज असा की अध्यक्षांनी शेवटी बोलायचं. म्हणून आमच्या मावशींची पाळी आली तेव्हा सव्वानऊ वाजले होते. दूध काढायचं राहिलेल्या बाया उठून गेल्या होत्या, वस्तीवर राहणारे आई-बाप मुलींना खुणा करत होते. मावशींनी मग काय केलं? सगळ्या पाहुण्यांची नावं परत एकदा घेतली, सगळ्यांचे आभार मानले, आणि "मुलींनी गावाचं नाव उज्ज्वल केलं" असं म्हणून बसल्या. बक्षिसं दहा मिनिटांत उरकली. बारा मुलींपैकी तिघींना चषक मिळाले. उरलेल्या नऊ जणींचं नावसुद्धा माईकवर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर सात मुली आल्या. पाच आल्या नाहीत. त्यातल्या तिघी आठवड्याभरात परतल्या, दोघी परत आल्याच नाहीत. आम्ही घरी गेलो. एकीची आई म्हणाली, "वर्षभर पोरगी पहाटं उठून पळते. कार्यक्रमाला आम्ही सगळे गेलो. तिथं तर ती संघात आहे की नाही हेच कळलं नाही. मग कशाला पाठवायचं?" आमच्याकडं उत्तर नव्हतं.

त्या वाक्यावर आमच्या बैठकीत बोलणं झालं, आणि एक गोष्ट लक्षात आली. आपल्या गटात आपण दर बैठकीला काय करतो? हजेरी घेतो, बचत किती जमली ते वाचतो, कर्ज कुणाकडं किती आणि परतफेड किती झाली ते प्रत्येकीच्या नावानं वाचतो. एखादीनं वीस रुपये भरले असतील तरी तिचं नाव वाचलं जातं. "गटानं छान बचत केली" एवढं म्हणून कुणी वही मिटत नाही. मग मुलींच्या वर्षभराच्या मेहनतीची वही आपण का नाही वाचली? अध्यक्षेचं भाषण म्हणजे ही वही सगळ्या गावासमोर वाचणं. एवढं ध्यानात आलं आणि पुढचं काम सोपं झालं.

पण वही वाचायची तर आधी ती लिहायला लागते. खो-खोमध्ये काय लिहायचं, ते थोडं समजून घेऊ.

खेळ तुम्ही सगळ्यांनी शाळेत खेळलेलाच आहे. नऊ जणी आक्रमणाला असतात. आठ जणी पाटीवर बसतात, एक इकडं तोंड करून, दुसरी तिकडं तोंड करून. नववी धावत असते. समोरच्या संघाच्या तिघी-तिघी संरक्षणाला, म्हणजे पळायला उतरतात. एक गडी बाद झाला की आक्रमण करणाऱ्यांना एक गुण. मोठ्या गटात एक पाळी नऊ मिनिटांची असते. प्रत्येक संघाला दोनदा आक्रमण आणि दोनदा संरक्षण करायला मिळतं.

गुणपत्रकावर दोन गोष्टी लिहिल्या जातात. आक्रमक मुलीनं किती गडी बाद केले, आणि संरक्षक मुलगी किती वेळ टिकली. म्हणूनच बक्षिसं देताना उत्कृष्ट आक्रमक, उत्कृष्ट संरक्षक आणि दोन्ही बाजू सांभाळणारी अष्टपैलू अशी तीन नावं काढायची पद्धत आहे. राष्ट्रीय स्पर्धांत तर सर्वोत्कृष्ट खेळाडूच्या पुरस्कारांना नावं आहेत. महिला गटात राणी लक्ष्मीबाई पुरस्कार, कुमारी गटात जानकी आणि किशोरी गटात इला. आमच्या मुलींना ही नावं पाठ आहेत.

आता मागच्या वर्षीची आमची दुसरी चूक सांगतो. मुलींची नावं आम्ही इथं घेत नाही, त्या लहान आहेत. जर्सीवरच्या नंबरानं ओळखू.

मागच्या वर्षी उत्कृष्ट संरक्षकाचा चषक आम्ही ९ नंबरला दिला. कारण काय, तर एका सामन्यात ती ३ मिनिटं ४० सेकंद टिकली होती. वर्षातली सगळ्यात मोठी पळती तीच. टाळ्या पडल्या. पण मुली गप्प होत्या. नंतर कळलं की तो सामना अगदी नवख्या संघाशी होता, आणि बाकीच्या सामन्यांत ९ नंबर लवकर बाद होत होती. मुलींना हे माहीत होतं, फक्त आम्हाला माहीत नव्हतं. ज्या बक्षिसावर खेळणाऱ्या मुलींचाच विश्वास नाही, ते बक्षीस घेणारीलाही टोचतं. ९ नंबरनं चषक घरी नेला, पण तिला तो चांगला वाटला नाही, असं तिनंच आम्हाला सांगितलं.

मग हिशेब कसा करायचा? आम्ही जुनी गुणपत्रकं काढून बसलो. मुलीचा वर्षभरातला सगळा वेळ एकत्र करायचा, आणि ती जितक्यांदा बाद झाली त्यानं भागायचं. ९ नंबरचा वर्षाचा वेळ होता १४ मिनिटं, आणि ती १२ वेळा बाद झाली होती. म्हणजे एका वेळेला सरासरी १ मिनिट १० सेकंद. दुसऱ्या एका मुलीचा वेळ २२ मिनिटं, तीही १२ वेळाच बाद. तिची सरासरी १ मिनिट ५० सेकंद. चषक तिचा होता. कार्यक्रमानंतर परत न आलेल्या दोघींपैकी ती एक.

यात तीन ठिकाणी पाय घसरतो, ते सांगून ठेवतो.

पहिलं म्हणजे बेरीज. गुणपत्रकावर किंवा पेपरात १.५० मि. असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ दीड मिनिट नाही, तर १ मिनिट ५० सेकंद. कुणी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर १.५० आणि २.२० मिळवलं तर ३.७० येतं. खरं उत्तर ४ मिनिटं १० सेकंद आहे. आधी सगळ्याचे सेकंद करा, मग बेरीज करा, शेवटी ६० नं भागून मिनिटं करा. आमच्या हिशेबात ही चूक तीन जणींच्या बाबतीत निघाली.

दुसरं म्हणजे नाबाद. पाळीची वेळ संपताना जी मुलगी मैदानात असते, ती नाबाद राहते. तिसऱ्या तुकडीत उतरणाऱ्या मुलीला कधी शेवटची ४० सेकंदंच मिळतात. ती ४० सेकंदं तिच्या एकूण वेळेत धरायची, पण बाद म्हणून मोजायची नाही. म्हणूनच वेळेला "किती वेळा पळाली" यानं भागायचं नाही, "किती वेळा बाद झाली" यानं भागायचं. नाहीतर तिसऱ्या तुकडीतल्या मुलीवर अन्याय होतो.

तिसरं म्हणजे थोडे सामने. एखादी वर्षात एकदाच खेळली आणि तीन मिनिटं टिकली, तर तिची सरासरी सगळ्यांच्या वर जाते. म्हणून आम्ही नियम केला की वर्षात किमान पाच सामने खेळलेल्या मुलीचाच विचार करायचा. हा नियम वर्षाच्या सुरुवातीला मुलींना सांगायचा. शेवटी सांगितला तर कुणाला तरी वगळायला तो काढलाय असंच वाटतं.

इथवर गुणपत्रकाचं झालं. पण गुणपत्रकावर न येणारी एक मोठी गोष्ट खो-खोत असते, ती म्हणजे खुद्द खो.

बघा, धावणारी आक्रमक मुलगी एकदा एका दिशेला निघाली की तिला मागं फिरता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणारी मुलगी मात्र कुठूनही निसटते. मग आक्रमक मुलीनं काय करायचं? जिचं तोंड पळणारीच्या बाजूला आहे अशी बसलेली मुलगी हेरायची, तिच्या पाठीमागून हात लावून मोठ्यानं "खो" म्हणायचं आणि स्वतः तिच्या जागी बसायचं. खो बरोबर वेळेला दिला तर उठणारीला गडी दोन पावलांवर मिळतो. उशिरा दिला तर गडी निसटून जातो. गडी बाद झाला की गुणपत्रकावर नाव लागतं बाद करणारीचं. खो देणारीचं नाव कुठंच लागत नाही.

म्हणून या वर्षी आम्ही आमची एक वेगळी वही केली. साधी शंभर पानी वही. सामन्याला गटातली एक बाई ती घेऊन बसायची. गडी बाद झाला की दोन नंबर लिहायचे, बाद कुणी केलं आणि त्याआधीचा खो कुणी दिला. सुरुवातीला चुकायचं, खेळ फार पटापट चालतो. मग दोघी बसायला लागल्या, एक बघून नंबर बोलणार, दुसरी लिहिणार. तिसऱ्या सामन्यापासून वही नीट भरू लागली. पहिल्या दोन सामन्यांतलं काही सुटलं असेल, हे आम्ही कार्यक्रमातही सांगितलं.

वर्षाच्या शेवटी वही वाचली तेव्हा ४ नंबर पुढं आली. आठवीतली, बुटकी, फारशी न बोलणारी मुलगी. तिनं स्वतः वर्षात पाचच गडी बाद केले होते. संरक्षणातही ती मिनिटभरात बाद व्हायची. गुणपत्रक बघितलं तर संघातली सगळ्यात कच्ची वाटेल. पण आमची सगळ्यात जोरकस आक्रमक, ७ नंबर, हिनं वर्षात २३ गडी बाद केले, आणि त्यातले ९ गडी ४ नंबरनं दिलेल्या खोवर मिळालेले होते.

आणि याच ४ नंबरच्या वडिलांनी दिवाळीत आम्हाला सांगून ठेवलं होतं की हे वर्ष शेवटचं. पोरगी खेळात काही दिवे लावत नाही, मग सकाळचं पाणी भरायचं काम का सोडायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यांना दोष कसा द्यावा? त्यांच्यापर्यंत जे पोचलं होतं, त्यावरून ते बोलत होते.

आता या वर्षीच्या भाषणाची तयारी.

सगळ्यात आधी भाषणाची जागा बदलली. हे नाजूक काम होतं. अध्यक्षांनी शेवटी बोलायचं हा रिवाज मोडला तर पाहुण्यांना अपमान वाटेल, असं काही जणांचं मत पडलं. पण नीट बघितलं तर यात दोन वेगळ्या खुर्च्या आहेत. एक कार्यक्रमाचे अध्यक्ष, म्हणजे त्या संध्याकाळपुरते मानाचे पाहुणे. दुसरी मंडळाची अध्यक्षा, म्हणजे वर्षभर संघ सांभाळणारी. शेवटी बोलायचा मान कार्यक्रमाच्या अध्यक्षांचा. मंडळाच्या अध्यक्षेनं प्रास्ताविक करायला कुणाची हरकत नसते. म्हणून आम्ही मानाची खुर्ची गावातल्या एका ज्येष्ठ आबांना दिली, आणि मावशींचं भाषण प्रास्ताविक म्हणून सगळ्यात आधी ठेवलं. लगेच त्यानंतर बक्षिसं. पाहुण्यांची मनोगतं बक्षिसांनंतर. दुधाला जाणारे आई-बाप बक्षिसं बघून गेले, आणि रागावलं कुणीच नाही.

मग वेळ ठरवला, आठ मिनिटं. पाहुण्यांचं स्वागत आणि नावं सूत्रसंचालन करणारीनं घ्यायची. मावशींनी ती परत घ्यायची नाहीत, "व्यासपीठावरील सर्व मान्यवर" एवढंच म्हणायचं. आठ मिनिटांपैकी एक मिनिट वर्षाच्या सामन्यांना, एक पैशाच्या हिशेबाला, चार मिनिटं बारा मुलींना म्हणजे प्रत्येकीला वीस सेकंद, एक मिनिट बक्षिसं कशी काढली ते सांगायला, आणि शेवटचं एक मिनिट आई-बापांशी बोलायला. मावशींना वाचता थोडं थोडं येतं, म्हणून प्रत्येक मुलीसाठी पोस्टकार्डाएवढा एक कागद केला. त्यावर मोठ्या अक्षरात तीनच गोष्टी होत्या. मुलीचं नाव, तिच्या आईचं आणि वडिलांचं नाव, आणि तिनं केलेली एक गोष्ट.

ही एक गोष्ट लिहिताना आम्ही एक अट घातली. ती वर्षातल्या एखाद्या दिवशी खरंच घडलेली असली पाहिजे. "मेहनती आहे", "गुणी आहे", "जिद्दी आहे" असं लिहायचं नाही. हे शब्द बाराही जणींना चालतात, म्हणून ते एकीचेही होत नाहीत. एक मुलगी वर्षभर राखीव होती, एकाच सामन्यात उतरली. तिच्याबद्दल काय लिहायचं म्हणून आम्ही अडलो. मग मैदानावरच्या मुलींना विचारलं. त्या म्हणाल्या, दोन्ही खांब आणि चुना तीच काढते, पाटी आखताना दोरी धरायला तीच असते, तिच्याशिवाय सराव सुरूच होत नाही. हे आमच्या कुणाच्याच लक्षात आलेलं नव्हतं.

काय बोलायचं नाही, तेही ठरवलं. कुणाची गरिबी माईकवर सांगायची नाही. "हिच्या घरी खायला नाही तरी ही खेळते" असं बोलणाऱ्याला कौतुक वाटतं, पण वर्गात दुसऱ्या दिवशी त्या मुलीला तोंड दाखवायचं असतं. रंगावरून, उंचीवरून, वजनावरून काही नाही. "मुलगी असूनही" हे शब्द नाहीत. एकीच्या बहिणीच्या लग्नाची बोलणी चालू होती, वय कमी होतं. कुणीतरी सुचवलं की भाषणात बालविवाहावर बोला. आम्ही नको म्हटलं. सगळ्या गावासमोर एका घराकडं बोट गेलं असतं आणि ते घर आपल्यापासून तुटलं असतं. त्यासाठी आम्ही घरी जाऊन बसलो, अठरा वर्षांच्या कायद्याचं सांगितलं. गरज पडली तर १०९८ हा मुलांसाठीचा फोन नंबर आहेच. पण माईकची ती जागा नव्हती.

मोठ्या खेळाडूंचं नाव घ्यायचं का, यावरही बोललो. आपल्या मराठवाड्याच्या धाराशिवच्या सारिका काळे यांनी २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला संघाचं नेतृत्व केलं, सुवर्णपदक आणलं, आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळवला. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. त्यात प्रियांका इंगळे कर्णधार असलेल्या भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८ विरुद्ध ४० असं हरवलं. त्या स्पर्धेत संरक्षण करणारी तुकडी ठरावीक वेळेच्या पुढं टिकली की तिलाही गुण मिळायचे. म्हणजे पळून वेळ काढणाऱ्या मुलीचं काम गुणांत धरलं गेलं. आमच्या वहीमागचा विचारही असाच होता, म्हणून एवढं एक वाक्य भाषणात ठेवलं. "तुम्हीही अशाच व्हाल" हे मात्र ठेवलं नाही. बारा जणींतल्या किती जणी तिथवर जातील हे कुणाच्याच हातात नाही, आणि जी जाणार नाही तिचं वर्ष वाया गेलं असं त्यातून ऐकू येतं.

आता मावशी प्रत्यक्ष काय बोलल्या, त्यातला भाग ऐकवतो. आम्ही मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ठेवलं होतं.

"व्यासपीठावरील सर्व मान्यवर, आणि समोर बसलेल्या आया, बाप, आज्या. मी मंडळाची अध्यक्षा म्हणून हिशेब द्यायला उभी आहे. या वर्षी आपल्या पोरी सात सामने खेळल्या. चार जिंकल्या, तीन हरल्या. हरलेल्या तिन्हींत आपण संरक्षणात कमी पडलो. पहिली तुकडी लवकर बाद व्हायची. पुढच्या वर्षी सरावात पळतीला जास्त वेळ द्यायचं ठरलंय.

पैशाचं सांगते. जमा झाले १६ हजार. गटांतल्या बायांची वर्गणी साडेसहा हजार, पालकांचे सहा हजार, गावातल्या लोकांनी दिले साडेतीन हजार. खर्च १५ हजार. जीपला ६,३००, बारा जर्सीचे ४,२००, स्पर्धेच्या प्रवेश फीचे २,१००, गुडघ्याच्या पट्ट्यांचे १,८००, मलमपट्टीच्या पेटीचे ६००. शिल्लक एक हजार. पावत्या टेबलावर ठेवल्यात, कुणीही बघा.

आता पोरी. नाव घेतलं की उभं राहायचं, आणि तिच्या आई-बापांनीही उभं राहायचं."

मग मावशींनी एकेक कागद वाचला. ४ नंबरचा कागद आठवा होता. त्यांनी नाव घेतलं, आईचं नाव, वडिलांचं नाव. तिघं उभे राहिले. मावशी म्हणाल्या:

"हिनं पाच गडी बाद केलेत. पण ७ नंबरनं बाद केलेल्या तेवीस गड्यांतले नऊ हिच्या खोवर आहेत. खो कधी द्यायचा हे हिला कळतं. गुणपत्रकावर ते लिहीत नाहीत, आम्ही आमच्या वहीत लिहिलंय."

बस, एवढंच. टाळ्या पहिल्यांदा मुलींनी वाजवल्या, लोकांनी नंतर. मावशी थांबल्या नाहीत, नववा कागद घेतला.

मग त्यांनी बक्षिसं कशी काढली ते सांगितलं. "उत्कृष्ट संरक्षक २ नंबर. वर्षात २५ मिनिटं पळाली, दहा वेळा बाद झाली. म्हणजे एका वेळेला अडीच मिनिटं. उत्कृष्ट आक्रमक ७ नंबर, २३ गडी. आणि मागच्या वर्षी संरक्षकाच्या बक्षिसात आमचा हिशेब चुकला होता. ती चूक मंडळाची होती, पोरींची नव्हती. ते मी आज सगळ्यांसमोर कबूल करते."

हे शेवटचं वाक्य कागदावर नव्हतं. आमच्यात चर्चा झाली होती की जुनं उकरायचं नाही, ९ नंबरला वाईट वाटेल. मावशींनी आधीच ९ नंबरला घरी जाऊन विचारलं होतं. ती म्हणाली होती, "सांगा मावशी, माझ्याही मनावरचं जाईल." हे आम्हाला नंतर कळलं.

आई-बापांसाठी शेवटचं मिनिट होतं. त्यात उपदेश नव्हता, एकच मागणं होतं. "सराव सकाळी सहा ते साडेसात. पोरीला संघातून काढायचं झालं तर काढा, तुमची पोर आहे. पण आधी एकदा मंडळाकडं या आणि वही बघा. वही बघून मग ठरवा." आणि मावशी बसल्या. आठऐवजी साडेनऊ मिनिटं झाली होती, उभं राहायला-बसायला वेळ गेला तो. पुढच्या वेळी तोही धरावा लागेल.

कार्यक्रम संपल्यावर ४ नंबरचे वडील टेबलापाशी आले. पावत्यांकडं त्यांनी बघितलंही नाही. म्हणाले, "ते नऊ गडी कुठं लिहिलेत?" आम्ही वही उघडून दिली. त्यांनी बोट ठेवून एकेक सामन्याच्या पानावर ४ आणि ७ हे आकडे शोधले. आठ सापडले. नववा सापडेना. आमच्या पोटात गोळा आला. मग लिहिणारीला आठवलं, पान संपल्यामुळं तो मागच्या पुठ्ठ्यावर लिहिला होता. तिथं तो सापडला. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "पाण्याचं बघू काहीतरी." दुसरं काही बोलले नाहीत.

४ नंबर अजून सरावाला येते. पाणी आता तिचा भाऊ भरतो, आठवड्यातले चार दिवस. उरलेले तीन दिवस ती उशिरा येते. पुढच्या वर्षी दहावीला गेली की काय होईल, ते आत्ता सांगता येत नाही. मागच्या वर्षी गेलेल्या त्या दोघींकडंही आम्ही वही घेऊन गेलो. ज्या मुलीचा चषक चुकीनं दुसरीला गेला होता, तिला जुना हिशेब दाखवला. तिनं तो बघितला, हसली, पण परत आली नाही. तोवर तिचं शिवणकामाचं शिक्षण सुरू झालं होतं. हिशेब उशिरा दिला की असंही होतं.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या गावात असा कार्यक्रम येत असेल, तर भाषण लिहायला आदल्या रात्री बसू नका. शंभर पानी वही आजच आणा. खो-खो असो, लेझीम असो, भजन असो, गुणपत्रकावर न येणारं काम तुमच्या खेळात कोणतं, ते आधी त्या मुलींना किंवा बायांना विचारा आणि त्याच्यासाठी एक रकाना आखा. आणि पान संपलं तर पुठ्ठ्यावर लिहू नका, नवीन पान घ्या. आम्ही घेतलंय.

वही आखताना काही अडलं तर प्रभागसंघाच्या बैठकीत आम्हाला गाठा, जुनी वही आम्ही सोबत ठेवतो. येतो आता. नमस्कार.